प्रकल्प नोंदी : इतवारीतल्या तिखट-मसाल्याच्या दुकानाची चार मिनिटांची फिल्म

१९ मार्च

काकांची मुलाखत आज रेकॉर्ड झाली. इतवारीतलं तिखट-मसाल्याचं जुनं दुकान. पुढे गल्ला, वजनकाटा आणि पोती, मागच्या खोलीत कांडप यंत्र. त्यांच्या मुलाला चार मिनिटांची फिल्म हवी आहे, दुकानातल्या टीव्हीवर लावायला आणि गिऱ्हाइकांना फोनवर पाठवायला. काका खुर्चीत बसून बोलत आहेत एवढंच चार मिनिटं कोणी पाहणार नाही. म्हणून बोलण्याच्या वर दुकानातल्या कामाची दृश्यं येतील, ज्याला आम्ही लोक कटअवे म्हणतो.

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा बसलो. यंत्र बंद, पंखाही बंद. मार्च उतरताना इतवारीत पंखा बंद करून बसणं काय असतं ते नागपूरकराला सांगायला नको. पण पंख्याची घरघर आवाजात आली की वाक्यं कापून जोडताना ती घरघरही तुटते. वर चित्र कोणतंही ठेवा, कानाला जोड कळतोच. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड केली. वाक्यांच्या मधल्या फटी भरायला हीच शांतता लागते. पूर्ण मुक्या फटीने आवाज बंद पडल्यासारखा वाटतो.

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली शटर १/६० ठेवलं तर चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात.

कामाचे शॉट आज मुद्दाम घेतले नाहीत. मुलगा म्हणाला, "ताई, कॅमेरा आणलाच आहे तं पोती-बिती घेऊन घ्या नं." त्याचं म्हणणं चूक नाही, बरेच जण तसंच करतात. पण पाऊण तासाच्या बोलण्यातली कोणती चार मिनिटं राहणार हे आज मलाच माहीत नाही. आज घेतलेले शॉट दुकानाचे होतील, काकांच्या वाक्यांचे होणार नाहीत. मग टाइमलाइनवर बसल्यावर कळतं की पोत्यांचे भरपूर शॉट आहेत आणि ज्या तेलाबद्दल ते एवढं सांगतात त्या तेलाचा एकही नाही.

२१ मार्च

सगळं बोलणं लिहून काढलं, प्रत्येक वाक्यापुढे वेळ टाकली. मग चित्राची खिडकी झाकून फक्त आवाज ऐकत एडिट केलं. या टप्प्यावर चेहरा दिसत असला की हात अडखळतो, "इथे कापलं तर उडी दिसेल" म्हणून आपण बडबड तशीच ठेवतो. आवाज स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. रेडिओवर ऐकल्यासारखं समजलं तर चित्र त्यात भर घालेल, नाही समजलं तर चित्र काही वाचवणार नाही.

संध्याकाळपर्यंत चार मिनिटं दहा सेकंद उरली. काकांचा सगळ्यात चांगला तुकडा तिखटाच्या कृतीचा आहे. कापल्यानंतर तो असा झाला :

"मिरची आली का पहिले देठ खुडा लागते. देठ राहिलं तं तिखट काळं पडते. मंग दोन दिवस ऊन दाखवाचं. ऊन लागलं का मिरची अशी कडक होते, हातात चुरते. मंग कांडाले टाकतो. कांडतानी थोडं तेल लावतो, काऊन का धूळ उडत नाही अन् रंग धरते."

ऐकायला सलग वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या वाक्यानंतर ते देठ खुडणाऱ्या बाईंच्या गावाबद्दल बोलले होते, उन्हाच्या वाक्यानंतर फोन वाजला होता आणि "कांडाले टाकतो" नंतर गल्लीतून जाणाऱ्या कोणाला तरी त्यांनी हाक मारली होती. म्हणजे तीन जोड. चित्र उघडून पाहिलं तर तिन्ही ठिकाणी काकांचं डोकं टुणकन उडी मारतं. एका ठिकाणी तर चष्मा नाकावरून कपाळावर जातो.

२३ मार्च

कागदावर वाक्यं लिहून डाव्या बाजूला लाल रेघ मारली, जिथे जोड आहे तिथे. ही झाकायची सक्ती. उजव्या बाजूला निळी रेघ, जिथे चेहरा दिसायलाच हवा तिथे. दोन्ही रेघा जिथे एकाच ओळीवर येतात तिथे खरी अडचण.

निळ्या रेघा कुठे मारायच्या यासाठी माझा ढोबळ हिशेब असा की माणूस हाताने करायची गोष्ट सांगत असेल तर हात दाखवायचे, आणि मत, काळजी किंवा आठवण सांगत असेल तर चेहऱ्यावरून हलायचं नाही. "देठ राहिलं तं तिखट काळं पडते" हे कृतीतलंच वाक्य, पण काका ते डोळे मोठे करून, दम दिल्यासारखं सांगतात. तिथे चेहरा हवा. शिवाय "काळं पडलेलं तिखट" दाखवायला ते आधी बिघडवावं लागेल, आणि कोणत्याच दुकानदाराला आपल्या फिल्ममध्ये काळं तिखट नको असतं.

वडिलांच्या आठवणीचं वाक्य पूर्ण निळं. "बाबा दुकान बंद करतानी काटा पुसत, मंगच कुलूप लावत." भिंतीवर हार घातलेला फोटो आहे, मुलाने लगेच सुचवला. फोटो घेणार, पण या वाक्यावर ठेवणार नाही. "बाबा" म्हटल्याबरोबर बाबांचा फोटो आला की ते शाळेच्या तक्त्यासारखं होतं. त्या वाक्यात काका स्वतः नकळत हाताने पुसण्याची खूण करतात. ती झाकली तर फोटोने काय मिळवलं? फोटो पुढे, दुकान उघडण्याच्या शॉटमध्ये मागे भिंतीवर दिसेल तेवढा पुरे.

सगळ्यात अवघड वाक्य : "तिखट डोळ्यानं नाही, नाकानं घ्या लागते." वास दाखवायचा कसा? नाकाचा क्लोजअप घेतला तर जाहिरात होते. दुकानात बसून पाहिलं तर उत्तर समोरच होतं. जुन्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच बाया तळहातावर चिमूटभर तिखट घेतात, अंगठ्याने चोळतात आणि हात नाकाशी नेतात. हे कोणी शिकवलेलं नाही. या वाक्यावर हेच.

२७ मार्च

कामाचे शॉट. सकाळी यंत्र सुरू व्हायच्या आधी पोचले.

प्रत्येक कामाचे निदान तीन शॉट घ्यायचे ठरवलं होतं : लांबून, मधून आणि जवळून. एकटा सुटा कटअवे बोलण्यावर ठिगळ लावल्यासारखा दिसतो, बघणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी झाकलंय. त्याच कामाचे दोन-तीन शॉट लागोपाठ आले की ते छोटं दृश्य होतं आणि खालचा जोड कोणाच्या डोक्यातही येत नाही. देठ खुडण्याचे असे झाले : मागच्या खोलीत बसलेल्या दोघी आणि मधली पाटी, मग एकीचे हात, मग देठांचा ढीग आणि त्यात येऊन पडणारे नवे देठ. शेवटच्या शॉटमध्ये हात दिसत नाही, फक्त देठ पडतात. हे उपयोगाचं, कारण हात कोणत्या जागी होता याची जुळणी करावी लागत नाही, म्हणून असा शॉट कुठेही घालता येतो.

ट्रायपॉडवर कॅमेरा लावल्यावर किमान दहा सेकंद हलवायचा नाही. वापरणार तीन-चार सेकंदच, पण काम सुरू व्हायच्या आधीचा आणि संपल्यानंतरचा क्षण हवा असतो. हात फ्रेममध्ये येतो, काम करतो, निघून जातो. तो येतानाही कापता येतं, जातानाही.

तेलाचं काम मी काकांना "परत करून दाखवा" म्हणून सांगितलं नाही. कॅमेऱ्यासाठी केलेली कृती लगेच ओळखू येते, माणूस हळू करतो आणि मध्येच वर बघतो. कांडपात एक घाणा संपला की दुसरा येतोच. पहिल्या घाण्याला लांबून घेतलं, दुसऱ्याला जवळून. एकच लक्ष ठेवलं की दोन्ही वेळा वाटी त्यांच्या उजव्याच हातात आहे.

लाल रंगाने अपेक्षेप्रमाणे छळलं. मिरचीच्या ढिगावर दारातून ऊन येत होतं. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्रॅम सांगतो सगळं ठीक आहे, कारण तो तिन्ही रंग मिळून उजेड मोजतो. प्रत्यक्षात लाल रंग एकटाच वर जाऊन आदळलेला असतो. ओळखायची खूण सोपी : स्क्रीनवर मिरच्यांच्या सुरकुत्या नाहीशा होतात आणि ढीग एकसारखा लाल रंग फासल्यासारखा दिसतो. नंतर एडिटमध्ये गडद केलं तरी सुरकुत्या परत येत नाहीत. म्हणून सुरकुत्या दिसेपर्यंत एक्स्पोजर खाली आणलं. भिंत काळोखी झाली, ती नंतर उजळता येते.

यंत्राजवळ लेन्स बदलली नाही, ते काम गल्लीत जाऊन केलं. तिखटाची धूळ सेन्सरवर बसली तर प्रत्येक शॉटमध्ये ठिपका दिसेल. खोकला मात्र रेकॉर्डिंगमध्ये भरपूर आहे, सगळा माझा.

यंत्राचा आवाज वेगळा, चित्राशिवाय, दोन मिनिटं घेतला.

वासाचा शॉट एका आजींनी दिला. आधी त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, "तोंड नको घेऊ बाप्पा, हात घे." हात आणि हनुवटीपर्यंतच घेतलं. तेच जास्त चांगलं दिसतंय.

२९ मार्च

मिरची वाळवण्याचे शॉट राहिले. काकांच्या घराच्या गच्चीवर जायचं होतं, पण दुपारपासून आभाळ भरलं आणि अवकाळीचे थेंब आले. गच्चीवरच्या मिरच्या धावपळ करून आत नेल्या. (तो धावपळीचा शॉट भारी आला, पण या फिल्ममध्ये त्याला वाक्य नाही. ठेवून दिला.)

मुलाकडे मागच्या उन्हाळ्यातली फोनवरची क्लिप निघाली. तीच गच्ची, चादरीवर मिरच्या, काकू पायाने परतवत आहेत. आडवी धरून काढलेली आहे, नशीब. सहा सेकंदांची. फोनच्या क्लिपमध्ये फ्रेमचा वेग थोडा खाली-वर होत असतो, तो आधी स्थिर केला :

```
ffmpeg -i gacchi.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -an gacchi_30.mp4
```

सरळ २५ च्या टाइमलाइनवर टाकली असती तर सेकंदाला पाच फ्रेम गळाल्या असत्या आणि काकूंचं चालणं किंचित अडखळलं असतं. त्याऐवजी एडिटमध्ये तिला ३० ऐवजी २५ फ्रेमची क्लिप समज म्हणून सांगितलं. एकही फ्रेम गळत नाही, सहा सेकंदांची क्लिप ७.२ सेकंद चालते, चाल जराशी संथ होते. बोलणाऱ्याच्या ओठांशी जुळवायचं असतं तर हे चाललं नसतं. कटअवेला तो प्रश्नच नाही.

३१ मार्च

टाइमलाइनवर बसवणं. तिखटाच्या कृतीचा तुकडा आज संपवला, तो सविस्तर लिहून ठेवते, पुढच्या दुकानाला कामी येईल.

सुरुवात चेहऱ्यावर. "देठ" हा शब्द अडीच सेकंदाला येतो, खुडणारे हात दोन सेकंदालाच आणले. अर्धा सेकंद आधी चित्र आलं की बघणाऱ्याच्या मनात "हे काय?" असं येतं आणि लगेच शब्द उत्तर देतो. बरोबर शब्दावर कापलं तर पाढे म्हणवून घेतल्यासारखं वाटतं. प्रत्येक ठिकाणी अर्धा सेकंदच असं नाही, पण शब्दाच्या नेमक्या टोकावर मात्र मी टाळते.

पहिला जोड चौथ्या सेकंदाला आहे. हात आणि देठांचा ढीग साडेपाचपर्यंत चालतात, म्हणजे जोड मधोमध लपला. कटअवे जोडावरच सुरू करायचा मोह होतो, कारण "लागतो तिथेच लावला" असं वाटतं. पण आवाजाचा कट आणि चित्राचा कट एकाच फ्रेमवर पडले तर आवाजातला बारीक फरकही उघडा पडतो. त्यामुळे चित्र आधी बदलायचं आणि नंतर परतायचं.

साडेपाचला चेहऱ्यावर परत, "देठ राहिलं तं तिखट काळं पडते" या वाक्यातल्या दमासाठी. परत येताना कोणत्या फ्रेमवर यायचं हे पाहायला जास्त वेळ गेला. अर्धवट मिटलेले डोळे किंवा उघडं तोंड असलेली पहिली फ्रेम असेल तर काका झोपेतून उठल्यासारखे दिसतात. श्वास घेऊन बोलायला लागतात त्याच्या दोन-तीन फ्रेम आधी आले, तेव्हा बसलं.

साडेआठपासून गच्चीची क्लिप, तेरापर्यंत. अकराव्या सेकंदाचा फोनवाला जोड तिच्या पोटात. तेराला मिरची चुरणारी मूठ, इथे मूठ आणि "चुरते" जवळजवळ एकत्र आहेत आणि तसंच छान वाटतंय. साडेसोळाला यंत्र.

"मंग कांडाले टाकतो" अठराला संपतं. तिसरा जोड इथेच. झाकून टाकण्याऐवजी तो उघडला : वाक्यं दोन सेकंद दूर सरकवली आणि मधे यंत्राचा आवाज पूर्ण वर आणला. धाड धाड. मग काका परत बोलायला लागले की यंत्र खाली. बोलण्याचा आवाज साधारण उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये खेळतोय, त्याच्याखाली यंत्र उणे ३० च्या आसपास ठेवलं. फोनच्या स्पीकरवर ऐकलं तेव्हा शब्द स्पष्ट होते. हेडफोनवर यंत्र छान घुमतं म्हणून जरा वर नेऊन पाहिलं तर फोनवर "काऊन का" गायबच झालं, परत खाली आणलं.

तेलाच्या वाटीचे दोन शॉट, आणि पंचविसाव्या सेकंदाला चेहरा. "रंग धरते" म्हणताना काका हसतात. अठ्ठाविसाला तुकडा संपतो.

२ एप्रिल

अडकले. "आमच्याकडे भिवापुरी मिरची येते, ते आपल्या जिल्ह्यातलीच" असं काका म्हणतात. तिथे पोत्याचा सुंदर शॉट ठेवला होता. सहज मुलाला विचारलं तर म्हणाला, "ते भिवापुरी नाही ताई, ते आंध्राचं पोतं. भिवापुरीचं त्या दिवशी संपलं होतं."

बहुतेकांना कळणार नाही हे खरं. पण ही फिल्म जे बघणार ते मिरची घेणारे लोक आहेत, आणि कळमन्याच्या बाजारात रोज जाणारा माणूस क्षणात ओळखेल. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे नाव एकीचं आणि चित्र दुसरीचं म्हणजे नुसता ढिसाळपणा नाही, गिऱ्हाइकाला खोटं सांगणं आहे. शॉट काढला. नवीन पोतं येईपर्यंत तिथे चेहरा. वाक्यात जोड नाही, म्हणून चालतंय.

एक नियम आता यादीवरच लिहून ठेवला : वाक्यात नाव असेल तर चित्रात तीच वस्तू, आणि ती तीच आहे हे दुकानातल्या माणसाने सांगितलेलं. "मसाल्यात बरंच काय काय असते" अशा वाक्यावर दगडफूल, खसखस, सुंठ काहीही चालेल. "सावजी मसाल्यात दगडफूल लागतेच" म्हटलं की दगडफूलच.

५ एप्रिल

मुलाशी थोडी ओढाताण. काका एका ठिकाणी म्हणाले होते, "पॅकेटवाल्यानं धंदा अर्धा खाल्ला." मग पाणी प्यायले, आणि पुढे : "पण ज्याले चव कळते ते येतेच." मुलाला पहिलं वाक्य नको. "रडगाणं वाटते नं," असं त्याचं म्हणणं.

नुसतं दुसरं वाक्य ठेवायला तांत्रिक अडचण काहीच नाही. वर आजींचा हात टाकला की जोड कोणाला दिसणार नाही. नेमकं हेच मला खटकतं. कटअवेच्या खाली काहीही कापता येतं, आणि बघणारा समजतो की माणूस सलग बोलला. देठ खुडणाऱ्या बाईंचं गाव कापल्याने काकांचं म्हणणं बदलत नाही. "पण" च्या आधीचं वाक्य कापलं तर बदलतं. तक्रार असूनही ठामपणे बोलणारा माणूस नुसता बढाई मारणारा होतो.

तोडगा : दोन्ही वाक्यं चेहऱ्यावर, वर काहीही नाही. पाणी पिण्याची जागा छोटी केली, तिथे उडी दिसते, आणि ती दिसू दिली. नको असतील तर दोन्ही काढू, एकच नाही. पॅकेटांचा शॉट घ्यायचा त्याचा दुसरा प्रस्तावही नाकारला. तक्रारीवर कोणत्या तरी कंपनीचं पाकीट दाखवलं की ती तक्रार त्या कंपनीवर होते, आणि काकांनी तर नाव घेतलेलं नाही.

७ एप्रिल

काकांना दाखवली, दुकानातच, टीव्हीवर. पॅकेटच्या वाक्यावर म्हणाले, "राहू दे, खरंच आहे ते." मुलगा काही बोलला नाही.

त्यांनी एक गोष्ट पकडली जी मला कधीच दिसली नसती. चुरणाऱ्या मुठीतली मिरची पुरेशी वाळलेली नव्हती. "हे चुरत नाही बेटा, हे मोडून राहिली." पुन्हा पाहिलं, खरंच : कडक मिरचीचा चुरा होतो, ही वाकून तुटते. त्यांनी मागून वाळलेली मूठभर आणली, दारातच परत शॉट घेतला. या वेळी बियाही तळहातावर सांडल्या, आणि आवाजही आला, तो तसाच ठेवला.

१० एप्रिल

भिवापुरीचं पोतं आलं. काकांनी स्वतः सुतळी उसवली, तेच घेतलं : सुतळी, उघडणारं तोंड, आत गेलेला हात. वाक्यावर बसवलं. इथे झाकायला जोड नव्हता, म्हणून चेहऱ्यावर वाक्य सुरू करून "जिल्ह्यातली" नंतर पोत्यावर गेले आणि पुढच्या वाक्याची पहिली दोन-तीन अक्षरं त्यावरच येऊ दिली.

रंग जुळवले. मुलाखत ट्यूबलाइटची, जरा हिरवट, गल्लीतले शॉट उन्हाचे. सगळं एकसारखं करायच्या मागे लागले नाही, फक्त काकांची त्वचा आणि दोन्हीकडच्या तिखटाचा लाल जवळ आणला. गच्चीच्या क्लिपचा दाणेदारपणा राहिला, राहू दे.

दोन फाइल दिल्या, टीव्हीसाठी मोठी आणि फोनसाठी लहान. लहानीत खाली वाक्यं लिहून आली आहेत, काकांच्या बोलीतच. "तं" चं "तर" केलेलं नाही. न वापरलेले शॉट, धावपळीचा धरून, वाक्यांच्या यादीसकट वेगळ्या डिस्कवर ठेवले. मुलगा दिवाळीआधी मसाल्याची वेगळी फिल्म करायचं म्हणतो आहे, तेव्हा यादी आधी आणि कॅमेरा नंतर, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलं.